पिना पाहिल्या

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बसवेशच्या हातातून प्रोसेसर सुटला. उंची फार नव्हती. चार बोटं, फार तर पाच. पण तो सपाट न पडता एका कोपऱ्यावर पडला, आणि पडला तो थेट मदरबोर्डच्या उघड्या सॉकेटात, जिथं केसासारख्या बारीक सतराशे पिना ओळीनं उभ्या असतात.

खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो प्रेम पाच मिनिटांपूर्वीच दूध आणायला गेला होता. प्रेमचे वडील धुळाप्पा एसटीत ड्रायव्हर. त्यांची त्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "बसू, साखर कमी का जास्ती?" बसवेशनं मान वळवून "नेहमीसारखी" म्हटलं आणि तेवढ्यात बोटं ढिली पडली.

त्यानं प्रोसेसर कडांना धरून अलगद उचलला. मोबाईलचा उजेड पाडून सॉकेटात पाहिलं. डाव्या कडेला, खालच्या कोपऱ्याजवळ, तीन पिना शेजारच्या पिनांवर आडव्या झाल्या होत्या.

इथंच थांबून हाक मारता आली असती. "धुळाप्पामामा, माझ्या हातून चूक झाली." एवढंच म्हणायचं होतं. पण बसवेश नळदुर्गच्या कॉलेजात अकरा वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळत होता. गावात कुणाचं मशीन बंद पडलं तर लोक आधी त्याच्या दारात येत. प्रोसेसर कसा धरायचा, पिनांना बोट का लावायचं नाही, हे त्यानं शेकडो पोरापोरींना शिकवलं होतं. त्यानं खिशातून खटका दाबून शिसं पुढं येणारी पेन्सिल काढली, शिसं आत घेतलं आणि त्या पोकळ नळीनं एकेक पिन उभी करायला सुरुवात केली. दोन उभ्या राहिल्या. तिसरी उभी राहता राहता तुटली.

बाहेर प्रेमच्या गाडीचा आवाज आला. बसवेशनं प्रोसेसर जागेवर बसवला, लोखंडी चौकट मिटली, खटका दाबला. प्रेम आत आला तेव्हा सगळं जसं दिसायला हवं तसं दिसत होतं.

"बसला का अण्णा?"

"बसला," बसवेश म्हणाला.

प्रेम बावीस वर्षांचा. हायवेवरच्या एका ढाब्यावर तो संध्याकाळी गल्ल्यावर बिलं करायचा. चौदा महिने त्यानं या मशीनसाठी पैसे साठवले होते. सगळे मिळून अठ्ठेचाळीस हजार. मॉनिटर मामेभावाचा जुना मिळाला होता, म्हणजे पैसे फक्त डब्याला घालायचे होते. महिन्याभरापूर्वी तो यादी घेऊन बसवेशकडं आला होता. यादीत पहिल्या ओळीत काचेचा कॅबिनेट आणि सहा रंगीत पंखे होते.

"हा काय लग्नाचा मंडप हाय का?" बसवेशनं विचारलं होतं.

"भारी दिसतं अण्णा."

"पंख्याच्या उजेडानं गेम पळत नसतो. खोड ते."

मग दोघं ढाब्याच्या मागच्या बाकड्यावर बसले आणि बसवेशनं त्याच कागदाच्या पाठीवर नवी यादी केली. आधी मॉनिटर बघायचा, तो म्हणाला. तुझा मॉनिटर फुल एचडी आहे, त्याच्यापुढं जाऊन पैसे घालण्यात अर्थ नाही. त्या पडद्याला पुरेल असं आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं. गेमिंगचं मशीन म्हणजे निम्मे पैसे कार्डाचे, निदान चाळीस टक्के तरी. प्रोसेसरला बाराव्या पिढीचा आय-थ्री बास. त्याच्यासोबत पंखा खोक्यातच येतो, वेगळा घ्यायला नको. मात्र नावाच्या शेवटी एफ असलेला स्वस्त घेणार असशील तर ध्यानात ठेव, त्याच्यात स्वतःचं चित्र काढायची सोय नसते, मॉनिटरची वायर कार्डालाच लावावी लागती. रॅम सोळा जीबी, पण एक पट्टी सोळाची नको, आठ-आठच्या दोन. दोन वाटांनी काम करते. एसएसडी पाचशे जीबीची, नंतर वाढवता येते. बोर्ड साधा. कॅबिनेट साधा, फक्त पुढून जाळीचा. आपल्याकडचा एप्रिल-मे काच लावून काढायचा नसतो.

"आणि पॉवर सप्लाय कॅबिनेटसोबत येतोय की फुकट," प्रेम म्हणाला होता. "तिथं तीन-चार हजार वाचतील."

"तिथं एक रुपया वाचवायचा न्हाय. आपल्याकडची लाईट कशी हाय? दिवसातून चारदा डुलती. तो फुकटचा डबा एकदा जळाला की कार्ड घेऊन जळतो. साडेपाचशे वॅटचा, ब्रॉन्झ शिक्क्याचा, पाच वर्षं वॉरंटीचा. बाकी कुठंबी कात्री लाव, इथं न्हाय."

प्रेमनं तो शब्द उचलला होता. पुढं महिनाभर ढाब्यावर कुणी कशातही काटकसर काढली, की हा म्हणायचा, "कुठंबी कात्री लाव, इथं न्हाय." आचारीसुद्धा म्हणायला लागला होता.

घ्यायचं कुठून, हा त्यापुढचा प्रश्न. प्रेमला मोबाईलवर कुणीतरी निम्म्या किमतीत "सीलपॅक" कार्ड दाखवलं होतं. आधी पाच हजार पाठवा, मग कुरिअर. बसवेशनं त्या माणसाकडं खोक्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो आणि जीएसटीचं बिल मागायला लावलं. त्या माणसानं प्रेमला ब्लॉक केलं. कार्ड मग मोठ्या वेबसाईटवरून मागवलं. तेही विकणारा कोण, त्याला किती वर्षं झाली, परत घेण्याची मुदत किती, हे सगळं वाचून. पार्सल आलं तेव्हा बसवेशनं बजावलं, "टेप कापण्याच्या आधीपासनं व्हिडिओ चालू. मधी थांबवायचा न्हाय. खोक्यावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर दोन्ही कॅमेऱ्यापुढं धरायचं." प्रेमनं तसं केलं. आणि त्याला त्याची सवयच लागली. स्क्रू उघडला तरी तो व्हिडिओ काढायला लागला.

बाकीचं सगळं सोलापुरातून घ्यायचं ठरलं, महालिंगप्पाकाकांच्या दुकानातून. काका म्हणजे बसवेशच्या मावशीचे यजमान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, दुकानात उदबत्ती, आणि गल्ल्यावर बसून एका दमात मराठी, कन्नड नि थोडी हिंदी. शिवाय तिथं काउंटरवर श्रीदेवी होती.

श्रीदेवी नळदुर्गचीच. चार वर्षांपूर्वी बसवेशच्या लॅबमध्ये हार्डवेअर शिकली. तिच्यासाठी काकांकडं शब्द बसवेशनंच टाकला होता. काकांनी घेतलं, पण आधी मागं, माल उतरवायला नि नोंदी ठेवायला. पुढं काउंटरवर आली ती स्वतःच्या हिमतीवर. सुरुवातीला गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून बघून विचारायचं, "कुणी माणूस न्हाय का दुकानात?" तिनं एक पद्धत पाडली. कुठलाही मदरबोर्ड विकताना खोका गिऱ्हाइकापुढं उघडायचा, सॉकेटवरची काळी टोपी उचलायची, बॅटरीच्या उजेडात पिना दाखवायच्या, फोटो काढायचा आणि बिलाच्या मागं लिहायचं – "पिना पाहिल्या". खाली गिऱ्हाइकाची सही. ही पद्धत लागू झाल्यापासून दुकानाचा एकही बोर्ड वादात अडकला नव्हता. आता लोक "त्या पोरीकडूनच द्या" म्हणायचे.

शनिवारी दुपारी बसवेश आणि प्रेम काउंटरवर उभे राहिले, तेव्हा तिनं सवयीनं बोर्डाचा खोका पुढं ओढला आणि बॅटरी हातात घेतली.

"अगं राहू दे," बसवेश हसून म्हणाला. "मला काय पिना दाखवतीस? तुला दाखवल्या कुणी पहिल्यांदा?"

"तसं न्हाय सर, सगळ्यांनाच..."

"घरचाच माल हाय. चार वाजताची गाडी चुकंल आमची."

ती थांबली. बॅटरी तिच्या हातात तशीच होती. मग तिनं ती खाली ठेवली. सरांपुढं आग्रह धरायची तिला भीड पडली. तिनं बिलाच्या मागं नेहमीच्या अक्षरात "पिना पाहिल्या" लिहिलं आणि बिल फिरवून पुढं सरकवलं. बसवेशनं सही केली. त्या महिन्यात दुकानातून एकतीस बोर्ड गेले. फोटो तीस निघाले.

रविवारी दुपारी मशीन लावलं. पंखे फिरले, पडदा काळाच राहिला. प्रेमचा चेहरा उतरला. बसवेशनं शांतपणे एक पट्टी काढली. पुन्हा लावलं. चित्र आलं. मग त्याच पट्टीला दुसऱ्या खाचेत घातलं. काळं. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत घातली. चित्र आलं. दुसऱ्या खाचेत घातली. काळं.

"दोन्ही पट्ट्या चांगल्या हायत," त्यानं प्रेमला समजावलं. "दुसरी खाच मेलेली. रॅमची एक वाट प्रोसेसरपर्यंत पोचत न्हाय."

"म्हणजे?"

"बोर्ड खराब निघाला."

तपासणी बिनचूक होती. तिच्यातलं प्रत्येक पाऊल वर्गात शिकवावं असं होतं. खोटं असं शेवटचं एकच वाक्य होतं.

धुळाप्पा दारात उभे होते. "नशिबानं तुझ्या वळखीतनं घेतलं," ते म्हणाले. "दुसरीकडनं घेतलं असतं तर बसलो असतो बोंबलत. न्हाय का?"

बसवेशनं मान हलवली. त्यानं चौकट उघडून प्रोसेसर काढला, काळी टोपी बसवली, बोर्ड मूळच्या पिशवीत घालून खोका मिटला. टोपी बसवताना त्यानं आत पाहिलं नाही.

सोमवारी कॉलेजात परीक्षा होत्या, किंवा आहेत असं त्यानं प्रेमला सांगितलं. प्रेम एकटाच सोलापूरला गेला. दुपारी त्याचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "अण्णा, काकांनी दोन मिनिटांत बदलून दिला. म्हणले, बसू म्हणतोय म्हणजे झालं."

"श्रीदेवी होती का?"

"होती की. तिनंच घेतला माघारी. टोपी उचलून बघितलं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाय. टोपी लावली नि आत घेऊन गेली. लई गप असती ती."

संध्याकाळी बसवेशनं नवा बोर्ड बसवला. प्रेमला म्हणाला, "तू धर प्रोसेसर, शीक." प्रेमनं तो दोन बोटांत कडांना धरून अलगद ठेवला, सोनेरी त्रिकोण त्रिकोणाला जुळवून. काही सुटलं नाही, काही पडलं नाही. पडद्यावर सोळा जीबी दिसले. प्रेमनं गेम लावला, धुळाप्पा मागं उभं राहून बघत राहिले. "गाडी बरी चालवतोय," ते म्हणाले, "पण आरसा बघत न्हाय एकदाबी." सगळे हसले. बसवेशही हसला. त्याला घरी जायची घाई झाली होती.

मंगळवारी साडेपाचला महालिंगप्पाकाकांचा फोन आला. जुना बोर्ड त्यांनी कंपनीच्या कलेक्शन सेंटरवर पाठवला होता. तिथल्या माणसानं भिंग लावून पाहिलं आणि काउंटरवरूनच परत केला. एक पिन तुटलेली, दोन ओढलेल्या. हाताळणीतलं नुकसान, वॉरंटीत बसत नाही.

"पैशाचं काय न्हाय बसू," काका म्हणाले. "धंद्यात जातंच. पण मी त्या पोरीला विचारलं, फोटो दाखव. तर इल्ला! त्या एकाच बोर्डाचा फोटो न्हाय. बिलावर मात्र 'पिना पाहिल्या'. न बघता लिवलंय तिनं. आता मला सांग, आधीचे किती असे लिवले असतील?"

बसवेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? चूक झाली म्हणली. मी म्हणलं, उद्यापासनं तू काउंटरला नको. मागं बस, न्हायतर दुसरं बघ. तूच आणली होतीस तिला, म्हणून तुला कळवलं. वाईट वाटून घेऊ नको. तुझा काय दोष?"

"काका, त्या दिवशी मीच तिला..."

"हां, मीच तिला काउंटरवर बसवली, माझंच चुकलं. थांब, गिऱ्हाईक आलं." आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावता आला असता. बसवेश लॅबच्या खिडकीशी उभा राहिला आणि त्यानं स्वतःशी एक गोष्ट मांडून बघितली. पिना आधीच वाकड्या असू शकतात. काय सांगावं? कंपनीतून तसाच आला असेल. खोका वाटेत आपटला असेल. तपासलं तर कुणीच नव्हतं. गोष्ट तशी वाईट नव्हती. लॅबमधून घरी पोचेपर्यंत तिनं तग धरला. दारात चप्पल काढताना त्याला आठवलं की तपासलं होतं. रविवारी, टोपी काढल्यावर, त्यानं स्वतः.

बुधवारी त्यानं काकांना फोन लावला आणि पहिली रिंग व्हायच्या आत कापला. श्रीदेवीचा नंबरही काढला. तिला काय म्हणायचं हे ठरेना. "सॉरी" म्हणायचं तर कशासाठी ते सांगावं लागणार होतं.

गुरुवारी संध्याकाळी तो ढाब्यावर गेला. ट्रकांची रांग लागली होती, प्रेम गल्ल्यावर होता. बसवेशला बघून त्यानं आचाऱ्याला चहा सांगितला आणि जागा करून दिली. थोडा वेळ तो नोटा लावत राहिला.

"अण्णा, एक विचारू का?" तो म्हणाला. "सोलापूरच्या त्या ताईला काढली म्हणं काउंटरवरनं."

"तुला कुणी सांगितलं?"

"काल कॅबिनेटचा एक स्क्रू कमी निघाला म्हणून दुकानात फोन केला. दुसऱ्याच पोरानं उचलला. तो म्हणला, बोर्डाच्या भानगडीत गेली. आपल्याच बोर्डाच्या ना?"



प्रेमनं मोबाईल काढला. "मी रविवारी व्हिडिओ काढत होतो, आठवतंय? एक तुकडा स्टेटसला टाकला होता. बघा."

चौदा सेकंदांचा तुकडा होता. बसवेशचे हात, उघडलेली चौकट, उचललेली टोपी. मोबाईलच्या उजेडात सगळ्या पिना एकाच तिरप्या रेषेत चमकत होत्या. आणि बसवेशचा स्वतःचा आवाज, वर्गात असायचा तसा, समाधानी: "बघ प्रेम. एक बी वाकडी न्हाय."

"आठ मिनटांचा बी व्हिडिओ हाय अख्खा," प्रेम म्हणाला. "पण त्यात पुढचं काय न्हाय. मी दुधाला गेलो ना, मोबाईल माझ्याजवळ होता." त्यानं बसवेशकडं पाहिलं नाही. "मी आमच्या वडलांना काय बोललो न्हाय. मला कळंना कसं बोलायचं. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलं."

"प्रेम..."

"थांबा, अजून हाय." त्यानं बोट सरकवून दुसरी खिडकी उघडली. वॉरंटीसाठी म्हणून शनिवारी श्रीदेवीनं त्याचा नंबर घेतला होता, त्यानंही तिचा ठेवला होता, "सोलापूर दुकान" या नावानं. स्टेटस चोवीस तासांत गेलं, पण त्याला तिनं दिलेलं उत्तर तसंच होतं. रविवार, अकरा वाजून बारा मिनिटं.

*छान. सगळ्या पिना सरळ आहेत. काल पाहायच्या राहिल्या होत्या, आज निश्चिंत झाले. टोपी सांभाळून ठेवा, लागते. सरांना नमस्कार सांगा.*

"मी नमस्कार सांगायचं इसरलो," प्रेम म्हणाला.

चहा आला. बसवेशनं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. पिना सरळ होत्या हे रविवारी अकरा वाजून बारा मिनिटांनीच तिला ठाऊक होतं. सोमवारी तिनं टोपी उचलली तेव्हा त्यानंतर काय झालं असेल हेही तिला कळलं असणार. मंगळवारी काकांनी फोटो मागितला तेव्हा तिच्या मोबाईलमध्ये तिचं स्वतःचं उत्तर होतं, वेळेसकट. ती काकांना एवढंच म्हणाली, की चूक झाली.

"हे मला पाठव," बसवेश म्हणाला. "व्हिडिओ बी, आणि हे बी."

"पाठवू?" प्रेमनं विचारलं. या वेळी त्यानं सरळ बघितलं.

"पाठव."

शुक्रवारी सकाळी बसवेशनं रजा टाकली. सव्वाआठच्या सोलापूर गाडीनं श्रीदेवी रोज जायची. तो स्टँडवर आठलाच पोचला. गाडी लागली, भरली, निघाली. ती त्या गाडीला नव्हती. तो त्याच गाडीनं एकटा सोलापूरला गेला.

महालिंगप्पाकाका नुकतीच पूजा आटोपून गल्ल्यावर बसले होते. "बा बसू," त्यांनी कन्नडमध्ये बोलावलं. "आज कसं काय?"

बसवेशनं उभ्यानंच सांगितलं. प्रोसेसर हातातून पडला. पेन्सिलीच्या नळीनं पिना सरळ करायला गेलो. एक तुटली. मी खोटं बोललो. शनिवारी ती दाखवत होती, मीच नको म्हणालो. मग त्यानं मोबाईल काउंटरवर ठेवून व्हिडिओ लावला. स्वतःचा आवाज ऐकताना त्यानं समोरच्या कपाटातल्या कीबोर्डांकडं पाहिलं.

काकांनी तो दोनदा बघितला. उत्तरही वाचलं, चष्मा वर करून. मग बराच वेळ ते उदबत्तीची राख बोटानं गोळा करत बसले.

"सोमवारी तो पोरगा बोर्ड घेऊन आला," ते म्हणाले, "तवा मी तिला म्हणलं, आधी बघ काय झालंय. तिनं बघितलं. माझ्याजवळ आली नि म्हणली, बदलून द्या काका, आपल्याकडनंच बघायचं राहिलं असंल. मला वाटलं, पोरगी प्रामाणिक हाय, चूक कबूल करती. दुसऱ्या दिवशी त्याच कबुलीवर मी तिला मागं धाडली."

"मी बोर्डाचे पैसे..."

"पैसे मागितले का मी तुला?" काकांचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "मंगळवारी फोनवर सांगितलं असतंस तर बुधवारी ती काउंटरवर असती. तू म्हणजे शिकलेला माणूस."

काकांनी तिला फोन लावला. बंद होता. अर्ध्या तासानं लावला. बंद.

"बुधवारपासनं आलीच न्हाय," ते म्हणाले. "परत ये म्हणून मी सांगीन. काउंटर तिचाच. पण ह्ये तिला माझ्या तोंडनं कळायला नको. तू तिच्या घरी जा. आणि हो..." त्यांनी खणातून शनिवारच्या बिलाची दुकानाची प्रत काढली, उलटी केली. मागं श्रीदेवीच्या ठळक अक्षरात दोन शब्द होते आणि खाली बसवेशची सही. "ह्ये घेऊन जा सोबत."

दुपारी दोनच्या सुमाराला तो नळदुर्गला परतला. श्रीदेवीचं घर किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत. तिची आई महानंदा दारात वाती वळत बसली होती. बसवेशला बघून ती पदर सावरत उठली.

"सर, तुम्ही? बसा की. पाणी आणते."

"श्रीदेवी?"

"सकाळच्यानं धाराशिवला गेलीय. तिथं एका दुकानात जागा हाय म्हणं. मोबाईलचं दुकान हाय, कॉम्प्युटरचं न्हाय." महानंदा थोडी घुटमळली. "सोलापूरला काय झालं काय म्हाईत, सांगत न्हाय. मी म्हणलं, सरांना इचार की, त्यांनीच लावली होती तुला. तर म्हणली, सरांना काय सांगू नको, त्यांना वाईट वाटंल."

बसवेशनं पाण्याचा तांब्या घेतला, दोन घोट प्यायला आणि खाली ठेवला. महानंदाला सांगावं असं त्याला वाटलं, पण पहिलं ऐकण्याचा हक्क तिचा नव्हता.

"कोणत्या गाडीनं येणार?"

"सहाला येते म्हणली. तुळजापूरवरनं."

साडेपाचला तो स्टँडवर येऊन बसला. खिशात बिल होतं, चौघडी घातलेलं. सहाला प्रेमचा मेसेज आला: *सांगितलं का?* त्यानं लिहिलं, *काकांना. तिला अजून नाही.* 

सहाची गाडी सहा वाजून बारा मिनिटांनी आली. शाळकरी पोरं उतरली, दोन बायका, भाजीची टोपली घेतलेला म्हातारा. बसवेश मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत गेला. कंडक्टरनं विचारलं, "कुणाला बघताय?" त्यानं काही नाही म्हटलं. मग थांबून म्हणाला, "एक मुलगी. श्रीदेवी. सोलापूरला दुकानात असते." असते म्हणाला, आणि मग त्याला दुरुस्ती सुचली नाही.

"न्हाय बा," कंडक्टर म्हणाला. "पुढची असंल."

बसवेश चौकशीच्या खिडकीशी गेला. आतल्या माणसानं फोन करून विचारलं. पुढची गाडी तुळजापूरहून सहा पंचवीसला सुटणार आहे. साडेसातपर्यंत येईल. बसवेश खिशातलं बिल चाचपून पुन्हा बाकावर येऊन बसला.